जोर करताच दार मिटतं

*मी ३९ वर्षांची, शाळेत शिकवते. दुसऱ्या बाळंतपणानंतर फिशर झालं होतं. ते बरं झालं, पण तेव्हापासून आठ वर्षं पोट साफ होत नाही. अर्धा-अर्धा तास कुंथते, थोडंसं होतं, उठते, की पुन्हा वाटतं राहिलंय. कधी पुढच्या बाजूने बोटाने दाबावं लागतं. इसबगोल, त्रिफळा, एरंडेल, पावडरी सगळं झालं. कोलोनोस्कोपी आणि थायरॉइड नॉर्मल आहे. आता मॅनोमेट्री, म्हणजे गुदद्वारात नळी घालून दाब मोजायची तपासणी, झाली. रिपोर्टात लिहिलंय: विश्रांतीत गुदद्वाराचा दाब ७८, आवळल्यावर १५०, जोर करताना मलाशयात ५२ आणि गुदद्वारात ११०, आरएआयआर आहे, पहिली जाणीव ३० मिली, शौचाची इच्छा १६० मिली, फुगा तीन मिनिटांत बाहेर आला नाही. शेवटी ‘डिससिनर्जिया, टाइप १’. डॉक्टर बायोफीडबॅकची, म्हणजे पडद्यावर पाहून स्नायू सोडायला शिकण्याची, सहा सत्रं घ्या म्हणतात. दुसरे एक सर्जन म्हणाले, स्टेपलरने ऑपरेशन करून टाकू. नवरा म्हणतो, संडासला बसायला शिकायचे कधी कोणी पैसे घेतं का? मी काय करू?*
*– एक शिक्षिका, सांगली जिल्हा*

ताई,

रिपोर्टातले आकडे जसेच्या तसे उतरवून पाठवलेत, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. बहुतेक पत्रांत ‘रिपोर्ट नॉर्मल नाही म्हणाले’ एवढंच असतं.

सगळ्यात आधी जोर करतानाचे दोन आकडे एकाखाली एक लिहा. मलाशयात ५२, गुदद्वारात ११०. हे मिलिमीटर पाऱ्याचे आकडे आहेत, रक्तदाब मोजतात तेच माप. आतून ढकलणारा दाब ५२ आणि दारावर अडवणारा ११०, म्हणजे ५८ ने दार जिंकतंय. आत कितीही मऊ मल असो, तो पुढे कसा सरकेल? आठ वर्षं तुम्ही मल मऊ करण्याची औषधं घेतलीत आणि अडचण मलात नव्हतीच, ती दारात होती. म्हणून जुलाबाच्या औषधाने पातळ झालं तरी कुंथावंच लागत होतं. माझ्यासमोर बसलेला रुग्ण ‘पातळ होतं, तरी जोर करावा लागतो’ म्हणाला, की मला हाच संशय येतो.

हे दार कसं चालतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गुदद्वाराभोवती दोन गोल स्नायू असतात. आतला आपल्या हुकमात नाही. तो दिवसरात्र मिटलेला असतो आणि विश्रांतीतला बराचसा दाब त्याचाच. बाहेरचा आपल्या हुकमातला, वारा अडवताना आपण आवळतो तो. तिसरा प्यूबोरेक्टॅलिस. हा पुढच्या हाडापासून निघतो, मलाशयाच्या मागून वळसा घेतो आणि परत पुढे येतो. गळ्यात अडकवलेली दोरी पुढून कोणी ओढावी तसा तो मलाशयाला पुढे ओढून धरतो, त्यामुळे तिथे जवळजवळ काटकोनाचा बाक तयार होतो. हा बाक आहे म्हणून आपण चारचौघांत बसू शकतो. शौचाच्या वेळी हा स्नायू सैल पडायचा, बाक सरळ व्हायचा, बाहेरचा स्नायू सुटायचा आणि त्याच क्षणी पोटातून हलका दाब यायचा, असा हा मेळ असतो. पोटाने दाब द्यावा आणि खालच्यांनी त्याच क्षणी आवळावं, या बिघडलेल्या मेळाला डिससिनर्जिया म्हणतात.

तुमच्या आकड्यांत हे अगदी स्वच्छ दिसतंय. विश्रांतीत ७८ असलेला दाब जोर करताना निदान एक पंचमांशाने खाली, म्हणजे ६२ च्या आत यायला हवा. तुमचा खाली येण्याऐवजी ११० वर गेला. ढकलण्याचं बळ मात्र ठीक आहे. साधारण ४० ते ४५ च्या वर गेलं की ते पुरेसं मानतात, तुमचं ५२ आहे. ढकलणं पुरेसं आणि दार उलट आवळतंय, याला टाइप १ म्हणतात. टाइप २ मध्ये ढकलणंही अपुरं असतं. टाइप ३ आणि ४ मध्ये दार आवळत नाही, पण सुटतही नाही. उपचाराच्या दृष्टीने तुमचा प्रकार बरा, कारण ढकलणं नव्याने शिकवायचं नाही, फक्त सोडणं शिकायचं आहे.

बाकीच्या आकड्यांवरून काय कळतं? आवळल्यावर १५०, म्हणजे स्नायू कमजोर नाहीत. आरएआयआर आहे, म्हणजे मलाशयात फुगा फुगवताच आतला स्नायू आपोआप सैल होतो. जन्मजात मज्जातंतू नसण्याचा जो आजार असतो, त्याची शंका त्यामुळे जवळपास संपते. पहिली जाणीव ३० मिलीला आली, हे नेहमीचंच. पण शौचाची इच्छा १६० मिलीला आली, हे मला उशिरा वाटतं. बहुतेकांना ती त्याच्या बरीच आधी येते. मलाशय ताणून घ्यायला सरावलंय आणि हाक उशिरा मारतंय. तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज असा की सकाळी शाळेची घाई, शाळेतलं स्वच्छतागृह जाण्यासारखं नाही, मग दुपारी घरी येईपर्यंत दाबून ठेवायचं. शिक्षिका, एसटीतल्या वाहक, बंदोबस्तावरच्या महिला पोलीस, सगळ्यांची हीच कहाणी. दाबून ठेवणं हासुद्धा आवळण्याचाच सराव असतो. फिशरच्या दिवसांत कापल्यासारखी कळ यायची, तेव्हा मल खाली येताच शरीर आपोआप आवळायचं. फिशर भरलं, पण ही सवय राहून गेली. पुष्कळ रुग्णांत सुरुवात कशाने झाली ते कधीच सापडत नाही. तुमच्यात निदान धागा तरी हाती लागतोय.

आता एक सावधगिरीची गोष्ट, कारण ही तपासणी फसवूही शकते. मॅनोमेट्री करताना तुम्हाला डाव्या कुशीवर झोपवलं असणार, खोलीत अनोळखी माणसं, मागे नळी, आणि ‘आता शौचाला करतो तसा जोर करा’ अशी सूचना. अशा अवस्थेत निरोगी माणसांपैकी बऱ्याच जणांचं दार उलट आवळलं जातं. त्यात नवल काय! माझ्याकडे एक निवृत्त गृहस्थ असाच रिपोर्ट घेऊन आले होते, अक्षरशः तुमच्यासारखाच. त्यांना कमोडवर एकटं बसवून फुगा बाहेर टाकायला सांगितला, तर वीस सेकंदांत आला. त्यांच्या दाराचा मेळ ठीक होता. त्रास दुसराच होता, लोहाच्या गोळ्यांनी मल घट्ट झाला होता. गोळी बदलली आणि प्रश्न संपला. म्हणून फक्त नळीच्या आलेखावर हे निदान पक्कं करायचं नसतं, दुसऱ्या तपासणीचीही साक्ष लागते. तुमच्या रिपोर्टात ती आहे. ५० मिली पाण्याचा फुगा साधारण एका मिनिटात, फार तर दोन मिनिटांत बाहेर यायला हवा. तुमचा तीन मिनिटांतही आला नाही. दोन्ही तपासण्या एकच सांगतायत आणि तुमची आठ वर्षांची तक्रारही तेच सांगतेय. मी हे निदान मान्य करते. फुगा टाकताना तुम्ही खोलीत एकट्या होतात ना, एवढं मात्र आठवून पाहा. दाराबाहेर कोणी ‘झालं का?’ विचारत उभं असेल तर ती चाचणी मी पुन्हा करायला सांगेन.

सर्जनबद्दल. पुढच्या बाजूने बोटाने दाबावं लागतं, यावरून मलाशयाची पुढची भिंत योनीकडे फुगत असेल असा त्यांचा तर्क असणार. त्याला रेक्टोसील म्हणतात आणि बाळंतपणानंतर तो बऱ्याच जणींत थोडाफार असतो. तर्क चुकीचा नाही, क्रम चुकतोय. दार बंद ठेवून वर्षानुवर्षं जोर केला की दाब कमकुवत भिंतीकडेच जाणार. ती भिंत स्टेपलरने कापून शिवली आणि दार तसंच राहिलं, तर ५२ विरुद्ध ११० हे गणित जागच्या जागी. वर ऑपरेशननंतर दुखणं, सतत घाई लागणं, असे त्रास मागे लागू शकतात. आधी मेळ सुधारा. सहा सत्रांनंतर फुगा सहज येतोय आणि तरीही बोट लागतंय, असं झालं तर एमआर डिफेकोग्राफी करून घ्या. त्यात जेल भरून, जोर करतानाची हलती चित्रं घेतात, भिंत किती फुगते ते दिसतं. ऑपरेशनची चर्चा तेव्हा.

आणि यजमानांसाठी एक जुना दाखला ठेवते. २००६ साली इटलीतून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेळ बिघडलेल्या १०९ रुग्णांपैकी निम्म्यांना आठवड्याला एक अशी पाच बायोफीडबॅक सत्रं दिली आणि निम्म्यांना रोज मल मऊ करणारी पीईजीची पावडर. सहा महिन्यांनी मोठी सुधारणा सत्रं घेतलेल्यांपैकी ८० टक्क्यांत दिसली, पावडरवाल्यांपैकी २२ टक्क्यांत. दोन वर्षांनीही सत्रांचा फायदा टिकून होता. पैसे पावडरीलाही लागतातच, आणि ती रोज घ्यावी लागते.

हे मनाचे खेळ आहेत का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात कोणीतरी म्हटलं असेलच. स्नायू हुकमातला आहे, म्हणूनच तो चुकीचं शिकू शकतो आणि म्हणूनच बरोबर शिकू शकतो. अडचण एवढीच, की तो दिसत नाही. हात चुकीचा हलला तर डोळ्यांना दिसतं, इथे आपण ‘सोडतोय’ असं वाटत असताना प्रत्यक्षात आवळत असतो. बायोफीडबॅकमध्ये तो पडद्यावर दिसतो, बास.

पहिल्या सत्रात मॅनोमेट्रीसारखीच बारीक नळी बसवतात. काही ठिकाणी नळीऐवजी छोटा प्रोब किंवा त्वचेला चिकटवायचे इलेक्ट्रोड असतात. नळी असेल तर पडद्यावर दोन रेषा दिसतात, वरची मलाशयाची, खालची गुदद्वाराची. तुम्ही नेहमीसारखा जोर करता आणि पाहता की दोन्ही रेषा एकदम वर गेल्या. हा क्षण महत्त्वाचा. ‘अगं बाई, मी तर बंदच करतेय!’ असं माझ्याकडच्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या होत्या. मग श्वास शिकवतात. आपण कुंथताना श्वास कोंडतो, गळा आवळतो, चेहरा लाल करतो, आणि गळा आवळला की खालचंही आवळलं जातं. त्याऐवजी श्वास पोटात घ्यायचा, कमरेचा घेर चारी बाजूंनी रुंद होऊ द्यायचा, आणि ओठांतून हवा हळूहळू सोडत, पोट पुढे आणि खाली जाऊ देत दाब द्यायचा. किती? दहापैकी पाच ते सात. दहापैकी दहा लावलं की खालची रेषा पुन्हा उसळते, हे तुम्हाला पडद्यावरच दिसेल. वरची रेषा चढते आहे आणि खालची उतरते आहे, हे चित्र एका सत्रात पाच-सहा वेळा जमलं की पहिला टप्पा झाला.

त्यानंतर ५० मिलीचा फुगा. थेरपिस्ट तो अगदी हलका ओढून धरतात, तुम्ही दार सोडत दाब द्यायचा, म्हणजे ‘बाहेर जाताना कसं वाटतं’ याची ओळख होते. हळूहळू ओढणं बंद होतं आणि फुगा तुम्ही स्वतः, कमोडवर बसून टाकता. तुमच्यासाठी आणखी एक भाग हवा. फुगा थोडा-थोडा कमी भरत, १६० ऐवजी १४०, मग १२०, अशा कमी भरण्यालाही इच्छा ओळखायची. हे त्यांनी योजनेत धरलंय का, ते विचारा. शेवटच्या एक-दोन सत्रांत पडदा तुमच्याकडून फिरवून ठेवायला सांगा, कारण घरच्या संडासात पडदा नसतो. पडदा पाहूनच जमतं आणि एरवी नाही, असे रुग्ण मी पाहिलेत. त्यांचं शिकणं अर्धवट सोडलेलं असतं.

सत्र पाऊण तास ते तासभर चालतं, आठवड्या-पंधरवड्याच्या अंतराने. पैसे भरण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचाराच. जोर करण्याचा आणि सोडण्याचा सराव करून घेणार का? फुग्याने सराव होणार का? खोलीत स्त्री थेरपिस्ट किंवा मदतनीस असेल का? पहिल्या प्रश्नाला ‘आम्ही केगेल व्यायाम देतो’ किंवा ‘मशीनने स्नायू बळकट करतो’ असं उत्तर आलं, तर फोन ठेवा. केगेल म्हणजे आवळण्याचा व्यायाम. लघवी ठिबकत असेल त्या बाईला तो उपयोगी, पण तुमचा आवळण्याचा आकडा १५० आहे. आवळण्यात तुम्ही आधीच तरबेज आहात, त्यात आणखी सराव म्हणजे उलटा कारभार. बाळंतपणानंतर कोणी केगेल शिकवले असतील आणि अजून करत असाल, तर या काळात थांबवा.

घरचा भाग सत्राइतकाच मोठा आहे. सकाळी चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत बसायचं, तेव्हा आतडं आपणहून हलत असतं. शाळेमुळे ती वेळ साधत नसेल तर अर्धा तास आधी उठा. दुसरी वेळ दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतर ठरवा. भारतीय संडास असेल आणि गुडघे साथ देत असतील तर तोच वापरा. कमोड असेल तर पायांखाली आठ-नऊ इंचांचं स्टूल, कोपरं मांड्यांवर, पुढे झुकून. बसणं पाच मिनिटं. घड्याळ लावा, मोबाइल बाहेर ठेवा. पाच मिनिटांत झालं नाही तर उठायचं, राहिल्यासारखं वाटलं तरी उठायचं. हे तुम्हाला सगळ्यात जड जाईल. पण ती ‘राहिलंय’ची जाणीव नेहमीच खरी नसते. अर्धा तास कुंथून मलाशयाचं आतलं अस्तर सुजतं, खाली उतरतं आणि तेच मल असल्यासारखं जाणवतं. मग आपण अस्तरालाच बाहेर ढकलत बसतो. तिथे जखम होऊन रक्त आणि चिकट आव पडू शकते. तसं दिसलं तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. वजन उतरू लागलं किंवा तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं तरीही.

सराव संडासाबाहेरही करायचा, दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं. खुर्चीत बसून पोटाचा श्वास, हलका दाब, खालून सोडणं. बरोबर होतंय का, हे कळायची साधी युक्ती आहे. अंघोळीच्या वेळी बोट बाहेरून गुदद्वारावर ठेवा आणि शिकवल्याप्रमाणे दाब द्या. जागा बोटाकडे अलगद खाली आली तर बरोबर, आत ओढली गेली तर चुकतंय.

औषधं एकदम बंद करू नका. पावडर चालू राहू दे, मल मऊ असेल तरच सरावाला अर्थ आहे. एरंडेल मात्र सोडा, त्याने जोरात ढाळ होतात आणि शिकायला काही उरत नाही. इसबगोलने पोट फुगत असेल तर निम्मं करा. दार बंद असताना आत भर वाढवून गैरसोयच वाढते.

काही जणांना हे जमत नाही. साधारण दहापैकी सात जणांत चांगला फरक पडतो, बाकीच्यांत थोडा किंवा नाही. तो पडतोय का, हे ‘बरं वाटतंय’वर सोडू नका. वहीत रोज पाच गोष्टी लिहा: किती वेळा गेलात, किती मिनिटं बसलात, कुंथावं लागलं का, बोट लागलं का, राहिल्यासारखं वाटलं का. कमी होण्याचा क्रमही साधारण ठरलेला असतो. आधी मिनिटं कमी होतात, मग बोट सुटतं, आणि राहिल्याची जाणीव सगळ्यात शेवटी जाते, कधी कधी सत्रं संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी. तिसऱ्या सत्रापर्यंत पडद्यावरची खालची रेषा एकदाही उतरली नसेल, तर वही घेऊन मूळच्या डॉक्टरांना भेटा, उरलेली तीन सत्रं तशीच उरकू नका. सहावं संपल्यावर फुग्याची चाचणी पुन्हा करून मागा.

शेवटचं वेळापत्रकाचं. सहाही सत्रं मे महिन्याच्या सुट्टीत बसवायचा मोह होईल. चार सुट्टीत घ्या, आठवड्याला एक. दोन शाळा सुरू झाल्यावर, पंधरा दिवसांच्या अंतराने. सुट्टीत निवांत जमलेलं, पहिला तास गाठायच्या सकाळी जमतं का, हे जूनमध्येच कळेल, आणि तेव्हा अडलं तर विचारायला थेरपिस्ट हाताशी असायला हवेत.